ओपीडी रजिस्टर म्हणतंय ७१, पी फॉर्म म्हणतो ५८. महिन्याच्या रिपोर्टात काय टाकू?

रेघोट्या
१ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मे महिन्यापासून डाटा एन्ट्री ऑपरेटर आहे. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमचं ओपीडी रजिस्टर अजून हातानेच लिहिलं जातं. महिना संपला की ते घेऊन बसायचं. फुलस्केपवर डाव्या बाजूला आजारांची नावं, एका पेशंटला एक उभी रेघ, पाचवी आडवी. ऑगस्टचं काम आज दिवसभर केलं. जुलाबाच्या रेघा भरल्या ७१. रजिस्टरमध्ये जुलाब, हगवण, पतली संडास, एलएम, एजीई, एडीडी यातलं काहीही दिसलं की मी रेघ मारली.

संध्याकाळी तालुक्याच्या ऑफिसला तोंडी आकडा सांगितला तर तिकडून प्रश्न, "तुमच्या पाच आठवड्यांच्या पी फॉर्मची बेरीज ५८ येते. एकच केंद्र, एकच आजार, दोन आकडे कसे?" पी फॉर्म मी भरत नाही, तो आमचे आरोग्य सहाय्यक दर सोमवारी भरतात. फार्मासिस्ट दादा म्हणाले, ५८ टाक आणि मोकळी हो. पाच तारखेच्या आत रिपोर्ट जायचा आहे. काय करू?

बुटीबोरी_लोकल
१ सप्टेंबर, रात्री १०:०५

ताई, डोकं काहून खाऊन रायल्या? ५८ टाका. पी फॉर्मवर एमओ साहेबांची सही असते, तुमच्या फुलस्केपवर कोणाची हाय? वरच्या लोकांना दोन आकडे नाही पायजे. मी सहा वर्षं हेच करून रायलो, आजवर एक क्वेरी नाही आली.

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
१ सप्टेंबर, रात्री ११:२०

बुटीबोरी भाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे. एकाच केंद्रातून एका आजाराचे दोन आकडे जायला नकोत, आणि गेलेच तर का, ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. पण एक आकडा दुसऱ्यावरून उतरवला तर चूक कुठल्यात होती हे कोणालाच कळणार नाही. क्वेरी आली नाही ती म्हणूनच.

बाई, ७१ आणि ५८ दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. आधी ओळी मोजा. १ ऑगस्टच्या पहिल्या पेशंटचा वार्षिक अनुक्रमांक आणि ३० ऑगस्टच्या शेवटच्या पेशंटचा अनुक्रमांक काढा (३१ ला रविवार होता). शेवटच्यातून पहिला वजा करून एक मिळवा. हा झाला रजिस्टरच्या मते महिन्याचा एकूण आकडा. मग तुमच्या सगळ्या आजारांच्या रेघांची बेरीज करा, "इतर" धरून. दोन्ही जुळले नाहीत तर पानं चिकटली आहेत, ओळ सुटली आहे किंवा एका पेशंटला दोन आजारांच्या दोन रेघा पडल्या आहेत. एकूण जुळल्याशिवाय जुलाबावर भांडू नका.

दुसरं, नवीन-जुना रकान्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. आपल्याकडे पेशंट केस पेपर घरी विसरून येतो, खिडकीवर नवा पेपर निघतो आणि रजिस्टरमध्ये "न" पडतो. तो "न" कागदाचा असतो, आजाराचा नसतो. सोमवारी जुलाब घेऊन आलेली बाई गुरुवारी "अजून थांबलं नाही" म्हणून आली तर आजार एकच, पण "न" दोन. तुमच्या ७१ ओळींची नाव, वय आणि गाव अशी छोटी यादी करा आणि गावानुसार लावा. दुबार नावं आपोआप शेजारी येतात.

सीएचओ_पारशिवनीकडची
२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

माझाही हाच घोळ आहे! आमच्या उपकेंद्रात बीपी-शुगरचे तेच तेच पेशंट दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. काकांच्या हिशोबाने त्यांना दुबार म्हणून काढलं तर माझी ओपीडी निम्मी होईल. मागच्या वेळी मी सगळ्यांना "जुने" म्हणून वगळलं आणि मीटिंगमध्ये ऐकून घेतलं.

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

मॅडम, तुमचा प्रश्न वेगळा आहे. एचएमआयएसच्या ओपीडी भागात मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रकान्यात त्या त्रासासाठी ओपीडीत आलेल्यांची हजेरी मोजायची असते. तिथे दर महिन्याला येणारा पेशंट दर महिन्याला धरायचा. एनसीडीच्या अहवालात नव्याने निदान झालेले विचारतात, तिथे तो एकदाच. रेघ मारण्याआधी रकान्याचं शीर्षक वाचायचं: भेट विचारली आहे की आजारी माणूस? जुलाबाच्या बाबतीत आजारपण विचारलं आहे, म्हणून रेघोट्या बाईंना दुबार काढायला सांगितलं.

डॉ_गावठाण
२ सप्टेंबर, दुपारी २:१५

मी दुसऱ्या तालुक्यात एमओ आहे. आमच्या जमातीच्या अक्षराबद्दल आधीच माफी मागतो.

एडीडी आणि एपीडी नीट बघा. पहिला जुलाब, दुसरी ॲसिडिटी. इंग्रजी अक्षरांत घाईघाईत लिहिलेला मधला डी आणि पी सारखाच दिसतो. निदानाचा रकाना वाचता येत नसेल तर शेजारचा औषधाचा रकाना वाचा. ओआरएस असेल तर जुलाब, ओमेप्राझोल किंवा अँटासिड असेल तर बहुतेक ॲसिडिटी. तरीही संशय असेल तर स्वतः ठरवू नका. ओळीला पेन्सिलीने खूण करा आणि एमओंकडे न्या. निदान त्यांचं आहे, ते त्यांनाच वाचू द्या. माझ्या आधीच्या ऑपरेटरने तर एजीई हे "एज" समजून आजाराचा रकाना कोराच धरला होता.

रक्ती आव, आमांश, संडासात रक्त असं लिहिलेलं जुलाबात टाकू नका. पी फॉर्ममध्ये त्याची ओळ स्वतंत्र आहे.

आणखी एक, लहान मुलांचं. एचएमआयएसमध्ये ०ते ५ वर्षांच्या मुलांचा जुलाब वेगळा विचारतात. वयाच्या रकान्यात नुसता "८" असेल तर आठ वर्षं की आठ महिने? आमच्याकडे सिस्टर "म" लिहायला विसरतात आणि बाळ इयत्ता तिसरीत जाऊन बसतं. इथेही औषध मदत करतं. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस लिहिल्या असतील तर ते बहुतेक पाच वर्षांच्या आतलं मूल आहे, कारण कार्यक्रमात झिंक २ महिने ते ५ वर्षं या वयाला आहे. अर्धी गोळी म्हणजे १० मिलिग्रॅम असेल तर सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण असेल तर त्याच्या वरचं. काही डॉक्टर मोठ्या मुलांनाही झिंक देतात, म्हणून "बहुतेक" म्हणतोय.

एक्सेलवाला_काटोल
२ सप्टेंबर, दुपारी ३:००

रेघा कशाला मारता? तारीख, नाव, गाव, न/जु आणि आजार एवढं एक्सेलमध्ये टाका, पुढचं मशीन करेल. तारीख A मध्ये, न/जु D मध्ये, आजार F मध्ये असेल तर:

```
=COUNTIFS(F:F,"ADD",D:D,"न",A:A,">="&DATE(2025,8,1),A:A,"<="&DATE(2025,8,31))
```

दोन सेकंदांत आकडा.

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
२ सप्टेंबर, दुपारी ३:४०

सूत्र चांगलं आहे. पण ते त्याच "न" वर चालतंय ज्याच्याबद्दल वर लिहिलं. आणि कोणी शब्दाच्या शेवटी चुकून एक स्पेस दिली की तो पेशंट मोजणीतून गुपचूप गळतो, कुठे लाल अक्षर येत नाही. अख्खा महिना टाइप करायला दोन दिवस जातील. वादातल्या ७१ ओळी मात्र जरूर टाइप कराव्यात.

रेघोट्या
२ सप्टेंबर, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार. आज हे झालं.

आधी एकूण. पहिला अनुक्रमांक ९,४१२, शेवटचा ११,०२१. म्हणजे १,६१० पेशंट यायला हवेत. माझ्या सगळ्या रेघा १,५९८. बारा कमी. पोटात गोळा आला. पानं दोनदा तपासली, चिकटलेलं काही नाही. शेवटी सापडलं: ९,९९९ नंतर कोणीतरी थेट १०,०१० लिहिलंय! दहा नंबर जन्मालाच आले नाहीत. उरलेल्या दोन ओळींवर "रद्द" लिहून आडवी रेघ मारलेली आहे. म्हणजे माझे १,५९८ बरोबर होते.

मग ७१ ची यादी गावानुसार लावली. एकाच आजारपणात परत आलेले ११. त्यातल्या सात जणांना दोन्ही वेळा "न" पडलेला! डॉक्टर सरांनी सांगितलेली एपीडीची शंका पाच ओळींवर होती. आमच्या मॅडमना दाखवल्या, त्यातल्या तीन ॲसिडिटीच्या निघाल्या. रक्ती आवेचे तीन मी जुलाबात टाकले होते. ७१ मधून १७ गेले, उरले ५४.

आता ५४ आणि ५८. आधी माझा आकडा जास्त होता, आता कमी झाला. हसू की रडू?

डॉ_गावठाण
२ सप्टेंबर, रात्री ९:३०

परत आलेले ११ कसे ठरवले? किती दिवसांच्या आत आलेला म्हणजे तोच आजार?

रेघोट्या
२ सप्टेंबर, रात्री ९:४२

सात दिवस धरले. एक आजोबा पंधराव्या दिवशी आले होते, त्यांना नवीन धरलं.

डॉ_गावठाण
२ सप्टेंबर, रात्री ९:५८

मी चौदा धरतो. जुलाब चौदा दिवस चालले तर तो चिवट जुलाब, तोवर तोच आजार म्हणायचा असा माझा हिशोब.

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
२ सप्टेंबर, रात्री १०:३०

डॉक्टर साहेब, मधले दिवस माणूस बरा होता की नाही हे रजिस्टर सांगत नाही. दवाखान्यात बसून तुम्ही विचारू शकता, महिनाअखेरीला ऑपरेटर विचारू शकत नाही. पावसाळ्यात त्याच वस्तीतल्या माणसाला दहाव्या दिवशी दुसऱ्यांदा लागण होऊ शकते, चौदाच्या नियमात ती बुडते. मी सातच्या बाजूचा. पण भांडणार नाही. नियम कुठलाही घ्या, तो रजिस्टरच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवा आणि वर्षभर बदलू नका. नाहीतर जुलैचा सातने आणि ऑगस्टचा चौदाने मोजाल आणि वर कोणीतरी म्हणेल, साथ कमी झाली.

बाई, आता सांगा, रात्रीचे पेशंट कुठे लिहिता? ओपीडी बंद झाल्यावर सलाईन लावायला आलेले?

रेघोट्या
३ सप्टेंबर, सकाळी ११:१०

रात्रीचं रजिस्टर वेगळं आहे, लेबर रूमच्या बाहेरच्या टेबलवर असतं. मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं! काढून बघितलं. ऑगस्टमध्ये जुलाब-वांतीचे सहा. त्यातले दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीतही आले होते, ते माझ्या ५४ मध्ये आहेतच. नवे चार.

५४ आणि ४, ५८!!! जुळलं! तालुक्याला फोन करू का?

बुटीबोरी_लोकल
३ सप्टेंबर, सकाळी ११:१८

हाव ना बाप्पा. मी पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं? दोन दिवस वाया घालवले अन् आले ५८ वरच. आता काकांनी एक सावजी पार्टी द्यावी.

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
३ सप्टेंबर, दुपारी १२:४०

पार्टी देतो, पण फोन थांबवा. कॅलेंडर काढा.

पी फॉर्मचा आठवडा सोमवार ते रविवार. १ ऑगस्ट शुक्रवारी होता. म्हणजे तुमचा पहिला पी फॉर्म २८ जुलै ते ३ ऑगस्टचा. त्यात जुलैचे चार दिवस आहेत. महिना रविवारी संपला, म्हणून शेवटच्या टोकाला अडचण नाही, पण सुरुवातीला आहे. त्या पाच फॉर्मची बेरीज ५८ ही ऑगस्टची नाहीच. तालुक्याने केली तीच चूक आपण सगळ्यांनी तीन दिवस चालवून घेतली, मीही.

२८ ते ३१ जुलैचे जुलाबाचे पेशंट पी फॉर्मच्या लाइन लिस्टमधून वजा करा. मग उरलेली नावं तुमच्या ५८ नावांशी एकेक करून लावा. आकड्याला आकडा लावू नका, नावाला नाव लावा.

रेघोट्या
३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

काका, तुम्ही म्हणालात तसंच आहे. जुलैचे पाच निघाले. म्हणजे पी फॉर्मचा खरा ऑगस्ट ५३, माझा ५८. जुळलेला आकडा निव्वळ योगायोग होता. नुसती बेरीज बघून फोन केला असता तर कायमचं झाकलं गेलं असतं.

नावं लावली. पी फॉर्मची ५३ च्या ५३ नावं माझ्या यादीत आहेत. माझी पाच तिकडे नाहीत. त्यातली चार रात्रीच्या रजिस्टरमधली. आरोग्य सहाय्यक सर फक्त ओपीडी रजिस्टर बघून पी फॉर्म भरतात, रात्रीचं त्यांच्याकडे जातच नाही. पाचवी एक बाई, १२ ऑगस्ट, ओपीडीत स्पष्ट एडीडी लिहिलंय, ओआरएस दिलाय, पण पी फॉर्मला नाव नाही. का, ते कळलं नाही. सर म्हणतात सुटलं असेल.

आणि एक गोष्ट लिहायची की नाही विचार करत होते. रात्रीचे ते चौघं १९ ते २१ ऑगस्टमधले, आणि चौघंही एकाच वस्तीतले. गावानुसार यादी लावली होती म्हणून दिसलं. त्याच तीन दिवसांत त्याच वस्तीचे आणखी पाच जण ओपीडीत आलेले आहेत.

डॉ_गावठाण
३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५२

तीन दिवसांत एका वस्तीतून नऊ. आणि पी फॉर्ममध्ये त्यातले पाचच. तुमच्या मॅडमना हे आत्ता फोनवर सांगा, रिपोर्टची वाट बघू नका. वस्तीच्या पाण्याचा नमुना घेतला होता का, टीसीएल किती टाकतात, ओटी टेस्ट कोण करतं, हे विचारायला सांगा. सलाईन लागेपर्यंत थांबलेले रात्री येतात. म्हणजे तुमच्या पी फॉर्ममधून गळणारे जास्त आजारी होते.

एक्सेलवाला_काटोल
३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

माझ्या सूत्रात गावाचा रकानाच नव्हता. मान्य.

बुटीबोरी_लोकल
३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

काका, पार्टी मी देतो. पण खरं सांगतो, आमच्या केंद्रात दिवसाला शंभराच्या वर ओपीडी अन् मी एकटा. लसीकरण, प्रसूती, औषधांचा साठा, सगळ्याची एन्ट्री माझ्यावर. नावाला नाव लावायला टाइम कुठून आणू?

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
३ सप्टेंबर, रात्री ९:१५

सगळ्या आजारांचं शक्य नाही, मीही कधी केलं नाही. सर्दी-खोकल्याचे चारशे पेशंट नावाने लावत बसलात तर वेड लागेल. तिथे एकूण बघा आणि सोडा. मलेरियाचा आकडा तर रजिस्टरच्या निदानावरून घ्यायचाच नाही. "ताप, ?मलेरिया" म्हणजे रक्त तपासायला पाठवलं एवढंच. पॉझिटिव्ह किती ते प्रयोगशाळेचं रजिस्टर सांगेल.

पण जुलाब, आव आणि कावीळ हे तीन पाण्याचे आजार पावसाळ्यातले चार महिने गावासकट लिहा. रोज ओपीडी संपल्यावर त्या दिवशीचेच लिहिलेत तर दहा मिनिटं लागतात. महिनाअखेरीला दोन दिवस जातात ते एकदम करायला बसल्यामुळे. आणि रोज सकाळी पहिलं काम, रात्रीच्या रजिस्टरमधले पेशंट ओपीडी रजिस्टरच्या त्या दिवसाच्या पानावर लाल शाईने उतरवायचे. अनुक्रमांक द्यायचा नाही, नाहीतर सकाळी तोच पेशंट आला की दोनदा मोजला जाईल.

सीएचओ_पारशिवनीकडची
३ सप्टेंबर, रात्री ९:४०

अनुक्रमांक दिला नाही तर ओपीडीच्या एकूण आकड्यात ते कुठे धरायचे? आमच्याकडे रात्रीचेही ओपीडीतच धरतात.

सेवानिवृत्त_आरोग्यसहायक
३ सप्टेंबर, रात्री १०:०५

यावर माझं आणि आमच्या तालुक्याचं वीस वर्षं जमलं नाही. तुमच्या तालुक्याला लेखी विचारा आणि उत्तर रजिस्टरला चिकटवा.

रेघोट्या
४ सप्टेंबर, दुपारी ४:२०

रिपोर्ट गेला. जुलाब ५८, त्यात पाच वर्षांच्या आतले १९. खाली एमओ मॅडमच्या सहीने चार ओळी जोडल्या: पी फॉर्मच्या बेरजेत जुलैचे पाच आहेत, रात्रीच्या रजिस्टरमधले चार त्यात नाहीत, एका पेशंटची नोंद सुटली आहे, दुबारसाठी सात दिवसांचा नियम लावला आहे. १९ च्या आकड्यात एक "८" आहे. झिंकची पूर्ण गोळी होती म्हणून महिने धरले. आशाताईंना फोन करून खात्री केली, बाळच आहे.

तालुक्यातून फोन आला, "५८ आणि ५८, म्हणजे जुळलंच होतं की, मग एवढं पत्र कशाला?" मॅडमनी फोन घेतला आणि कॅलेंडर उघडायला सांगितलं. चार रात्रीच्या केसेस तालुक्याच्या साथरोगवाल्यांना वेगळ्या कळवल्या.

वस्तीत काल एमपीडब्ल्यू दादा जाऊन आले. नळाची पाइपलाइन एके ठिकाणी नालीतून जाते. पोळ्याच्या आसपास ती फुटली होती आणि कोणीतरी रबर बांधून ठेवलंय. पाण्याचा नमुना आज घेतला, निकाल यायचा आहे. दोन आठवडे उलटून गेल्यावर त्यात काय सापडेल कोण जाणे.

१२ ऑगस्टच्या बाईचं नाव पी फॉर्ममध्ये का नाही, ते अजूनही कळलेलं नाही.

नवीन_सभासद_उमरेड
४ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

ताई, तुमच्या फुलस्केपच्या तक्त्याचा फोटो टाकता का? नावं झाकून. मला उद्याच द्यायचा आहे.